कानडी पद आणि मराठी लेखणी : ग्रंथपालांना लिहिलेले एक पत्र

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

श्रीगुरुचरित्राचा सप्ताह करणाऱ्या प्रत्येकाला सायंदेवाच्या कथाभागात एक जागा अशी येते, की तिथे जीभ जरा अडखळते. ओव्या सरळ चाललेल्या असतात आणि मधेच कानडी पद सुरू होते. कुणी ते एका दमात म्हणून टाकतो, कुणी आपल्या मनाने शब्द तोडून म्हणतो. अर्थ विचारला तर ‘महाराजांची स्तुती आहे’ एवढे उत्तर मिळते. ते खरेच आहे, पण पुरेसे नाही.

बँकेत कारकून असताना माझी काही वर्षे अक्कलकोट तालुक्यात गेली. काउंटरवर येणारी निम्मी माणसे कानडी बोलायची, त्यामुळे कामापुरते कानडी आपोआप आले आणि पुढे वाचण्यापुरतेही आले. निवृत्त होऊन मोडनिंबला आल्यावर मंदिरातल्या मंडळींनी काम सांगितले, की या पदाचा सरळ मराठी अर्थ लिहून द्या, दत्तजयंतीच्या सप्ताहात वाचून दाखवू. काम दोन दिवसांचे वाटत होते. पण पहिल्याच शब्दाशी थांबावे लागले, आणि त्या एका शब्दापायी एका हस्तलिखित ग्रंथालयाच्या ग्रंथपालांना पत्र लिहावे लागले. ते पत्र आणि त्यामागचा विचार भाविकांपुढे ठेवतो. जुन्या पोथीतले शुद्धलेखन कसे वाचावे, याचा थोडा पाठ त्यातून मिळेल.

अडचण काय होती

पदाचा पहिला शब्द आपल्या छापील पोथ्यांत ‘कंडेनिंदु’ असा येतो. पुढे त्याच चालीवर ‘उंडेनिंदु’ असा शब्द येतो. जुन्या पोथीत शब्द तोडून लिहीत नसत. ओळीच्या सुरुवातीपासून शेवटापर्यंत अक्षरे सलग चालत. तेव्हा तोडायचे कुठे, हे वाचणाऱ्याने ठरवायचे.

‘कंडे निंदु’ असे तोडले तर कानडीत ‘निंदु’ म्हणजे ‘उभा राहून’. हे जुने ग्रांथिक रूप आहे. मग अर्थ होतो, ‘उभा राहून पाहिले’. ‘कंडेन् इंदु’ असे तोडले तर ‘कंडेनु’ म्हणजे ‘मी पाहिले’ आणि ‘इंदु’ म्हणजे ‘आज’. दोन शब्द जुळताना मधला ‘उ’ लोपला. मग अर्थ होतो, ‘आज मी पाहिले’. दोन्ही व्याकरणात बसतात. त्यात आपल्या मराठी कानाला ‘इंदु’ म्हटले की चंद्र आठवतो आणि ‘निंदु’ म्हटले की निंदा. कानडी न जाणणारा माणूस अर्थ लावायला बसला, तर महाराजांच्या स्तुतीत एकतर चंद्र उगवेल नाहीतर निंदा शिरेल!

हा पेच पदातूनच सुटतो. ‘उंडेनु’ म्हणजे ‘मी जेवलो, मी भोगले’. तिथेही ‘निंदु’च आहे. ‘उभा राहून जेवलो’ हा अर्थ स्तुतीत कोण घालील? ‘आज पाहिले, आज तृप्त झालो’ हाच अर्थ दोन्हीकडे बसतो. एका जागेचा संशय दुसऱ्या जागेने फिटला.

पण दुसरा पेच असा सुटेना. पदात ‘भक्तजनरा’ असा शब्द आहे आणि शेवटी महाराजांच्या नावाला ‘या’ लागला आहे. कानडीत ‘भक्तजनांचा’ म्हणायचे तर शब्द ‘भक्तजनर’ असा हवा, शेवटचा ‘र’ ऱ्हस्व. तसेच नावापुढे ‘य’ हवा, ‘या’ नव्हे. कानडी बोलण्यात शेवटी ‘आ’ लांबवला की प्रश्न होतो. ‘बंदरु’ म्हणजे आले, आणि ‘बंदरा?’ म्हणजे आले का? मग स्तुतीत हा ‘आ’ कुठून आला?

माझा तर्क असा होता. मराठी माणूस शब्दाचा शेवटचा ‘अ’ गिळतो. आपण ‘घर’ लिहितो आणि ‘घर्’ म्हणतो. कानडी माणूस तो ‘अ’ पुरा म्हणतो. तेव्हा मराठी कानाने कानडी ‘जनर’ ऐकले, तर शेवटचा स्वर गिळला जाऊ नये म्हणून हात ‘जनरा’ लिहील. तो ‘आ’ म्हणजे चूक नव्हे. ऐकलेला उच्चार मराठी वाचणाऱ्यापर्यंत पोचवण्याची ती युक्ती आहे.

तर्क बरा दिसतो, पण तर्कावर अर्थ छापायचा नसतो. एखाद्या पोथीतला लेखनिक सगळीकडेच शेवट लांबवीत असेल, तर हा ‘आ’ त्याच्या हाताची खोड ठरेल. मग कानडीचा आणि त्याचा संबंध नाही. हे पाहायचे तर छापील पोथी उपयोगाची नाही, कारण छापताना संपादक लेखन सुधारून घेतात. हाताने लिहिलेली पोथीच बघायला हवी. एका संग्रहातून मला गुरुचरित्राच्या एका जुन्या पोथीच्या कानडी पदाच्या दोन पानांची छायाचित्रे मिळाली. दोन पानांवरून हात ओळखता येत नाही, म्हणून पत्र लिहिले. ते असे :

पत्र

मोडनिंब, ता. माढा, जि. सोलापूर

माननीय ग्रंथपाल महोदय यांस,

स. न. वि. वि.

आपण पाठविलेली दोन पानांची छायाचित्रे मिळाली. आभारी आहे. मी या पोथीतल्या कानडी पदाचा मराठी अर्थ लिहीत आहे. अर्थ लिहिताना लेखनिकाच्या लेखनाविषयी काही शंका आल्या. त्यांचे उत्तर मूळ पोथी हातात असणाऱ्यालाच देता येईल, म्हणून तसदी देतो.

मला जे दिसले ते आधी सांगतो, म्हणजे आपल्याला पुन्हा शोधावे लागणार नाही. लेखनिक ‘एक’ला ‘येक’ लिहितो, ‘ओवी’ला ‘वोवी’ लिहितो, आणि ‘ख’च्या जागी ‘ष’ घालतो. ही जुन्या मराठी पोथ्यांतली नेहमीची रीत आहे हे मला ठाऊक आहे. त्याबद्दल विचारणे नाही.

प्रश्न पाच आहेत.

पहिला. कानडी पदात शब्दांच्या शेवटी ‘अ’च्या जागी ‘आ’ दिसतो, जसे ‘जनरा’. हाच लेखनिक मराठी ओव्यांत किंवा मधल्या संस्कृत श्लोकांत शब्दाचा शेवट असा लांबवतो का? संपूर्ण पोथी पाहण्याची गरज नाही. पदाच्या आधीची पाच पाने आणि पोथीच्या अगदी सुरुवातीची पाच पाने पाहिली तरी चालेल. श्लोक असलेले एखादे पान त्यात असावे.

दुसरा. ‘भूमंडलदोळगे’ या शब्दात छायाचित्रात मला ‘ळ’ दिसतो, पण तिथे शाई पसरली आहे. तो ‘ळ’ आहे की ‘ल’ सुधारून ‘ळ’ केला आहे? आणि ओव्यांत ‘ळ’ नियमाने येतो का?

तिसरा. पदात ओळीच्या वर अगदी बारीक उभ्या रेघा आहेत का? वाचणाऱ्याला शब्द तोडता यावेत म्हणून काही पोथ्यांत अशा खुणा केलेल्या असतात. छायाचित्रात त्या आणि कागदाचे डाग यांतला फरक मला कळत नाही. असल्यास त्यांची शाई मजकुराच्या शाईसारखीच आहे का?

चौथा. ‘कंडेनिंदु’ शब्दापुढे एक हंसपाद दिसतो, म्हणजे सुटलेला मजकूर समासात लिहिला असावा. पण छायाचित्रात समास कापला गेला आहे. समासात काय लिहिले आहे? ते त्याच हाताचे आहे का?

पाचवा. पोथीच्या शेवटच्या पानावर लेखनिकाचे नाव, शक, संवत्सर, गाव, किंवा कोणत्या पोथीवरून उतरवून घेतले याचा उल्लेख आहे का? असल्यास त्या पानाचे छायाचित्र मिळावे. त्याचे शुल्क कळवावे, ते पाठवीन.

अध्यायाचा आकडा मी मुद्दाम लिहिला नाही. गुरुचरित्राच्या काही प्रतींत 51, काहींत 52 आणि काहींत 53 अध्याय असल्याने आकड्यावरून घोटाळा होतो. सायंदेवाचा कथाभाग आणि कानडी पद एवढ्यावरून जागा सापडेल.

एक विनंती. उत्तर लिहिताना शब्द जसे पोथीत आहेत तसेच लिहावेत, सुधारून लिहू नयेत. चुकीचे दिसले तरी तसेच चालेल. मला तेच हवे आहे.

कळावे, लोभ असावा.

आपला,
(सही)

असेच का विचारले

बँकेत धनादेश आला की सही जुळवायची असते. नवखा माणूस धनादेशावरची सही बघतो आणि म्हणतो, ‘वळण जरा वेगळं वाटतंय.’ मुरलेला माणूस नमुना सहीचे कार्ड काढतो. त्यात तो बघतो, की हा खातेदार नेहमीच शेवटची रेघ ओढतो की आजच ओढली आहे? नेहमीची असेल तर संशय नाही. आजचीच असेल तर थांबायचे. पोथीतही हेच आहे. एका जागी दिसलेला ‘आ’ काहीच सांगत नाही. त्याच हाताने इतर ठिकाणी काय केले आहे, त्यावर सगळे ठरते.

म्हणून पोथीत वेगळे दिसणारे प्रत्येक अक्षर तीन खणांपैकी एकात टाकावे. पहिला खण त्या काळच्या सर्वांच्या रीतीचा. ‘येक’, ‘वोवी’ त्यात जातात. ‘ख’च्या जागी ‘ष’ही त्यातच, कारण हाताने लिहिलेला ‘ख’ सहज ‘रव’ असा वाचला जाई, आणि तो घोटाळा टाळायला ‘ष’ बरा पडे. हे पाहून ‘लेखनिक अडाणी होता’ म्हणणे म्हणजे आपले आजचे नियम त्याच्यावर लादणे. दुसरा खण त्या माणसाच्या स्वतःच्या सवयीचा. तिसरा खण त्या जागेपुरत्या घसरणीचा, म्हणजे डोळा चुकला, शाई संपली, ओळ उडी मारून गेली. माझा ‘आ’ यांपैकी कोणत्या खणात जातो, की कोणत्याच नाही, हे पहिल्या प्रश्नातून ठरणार होते. श्लोक असलेले पान मागितले, कारण संस्कृतातही शेवटचा ‘अ’ पुरा म्हणायचा असतो. परभाषा आली की हा हात शेवट लांबवतो असे असेल, तर ते श्लोकातही दिसेल.

दुसरा प्रश्न ‘ळ’चा. मराठीला आणि कानडीला दोघींनाही ‘ळ’ आहे. हिंदी मुलखातल्या लेखनिकाच्या हाताला तो सहसा नाही, तो ‘ल’ लिहील. पोथी मराठी असली तरी ती कोणत्या मुलखातल्या हाताने लिहिली, याचा हा एक साधा पुरावा. अशा हाताने कानडी पद लिहिले असेल, तर त्याच्या कानावर मी फार भरवसा ठेवणार नाही.

तिसऱ्या प्रश्नातल्या बारीक रेघा म्हणजे कुणीतरी जुन्या वाचकाने लावलेला अर्थच. त्याने ‘न्’नंतर तोडले की आधी, हे मला कळले असते. पण रेघांची शाई वेगळी असेल तर तो वाचक लेखनिकाच्या नंतरचा, म्हणजे तो माझ्यासारखाच एक तर्क करणारा. म्हणून शाई विचारली.

ऱ्हस्व-दीर्घाबद्दल काही विचारले नाही, हे कुणाच्या लक्षात आले असेल. रोजचा व्यवहार मोडीत करणाऱ्या हाताला इकार-उकारांचा ऱ्हस्व-दीर्घ भेद पाळायची सवय नसते, कारण मोडीत तो पाळत नाहीत. तोच हात बाळबोधीत पोथी लिहायला बसला की ‘इंदु’ आणि ‘इंदू’ त्याला सारखेच. अशा ठिकाणी लेखनावरून अर्थ काढणे धोक्याचे. तसेच कानडीत ‘ए’ आणि ‘ओ’ ऱ्हस्वही आहेत, दीर्घही आहेत. पोथ्यांच्या देवनागरीत त्यांना वेगळी खूण नाही. जे लिपीत दाखवताच येत नाही, ते लेखनिकाने दाखवले का असे विचारून उपयोग नाही.

उत्तर काय आले

ग्रंथपालांनी वेळ काढून पाने पाहिली आणि उत्तर पाठवले. ओव्यांत शब्दाचा शेवट कुठेही लांबवलेला नाही. श्लोकांतही नाही. कानडी पदात मात्र तो लांबवलेला आहे. ‘ळ’ नियमाने येतो आणि पदातला ‘ळ’ पहिल्यापासूनच ‘ळ’ आहे. शाई पसरली ती ओल लागून. बारीक रेघा नाहीत. शेवटचे पान फाटलेले असल्याने लेखनिकाचे नाव किंवा शक मिळत नाही. आणि चौथ्या प्रश्नाचे उत्तर सर्वांत कामाचे निघाले. ‘कंडेनिंदु’पासून पुढचा काही मजकूर पहिल्यांदा सुटला होता, लेखनिक एकदम ‘उंडेनिंदु’च्या पुढच्या शब्दावर गेला होता. सुटलेला भाग त्याच हाताने, त्याच शाईने समासात लिहिला आहे, आणि त्यातही ‘जनरा’ असाच शब्द आहे.

आता हिशेब मांडू. शेवट लांबवणे ही या माणसाची सवय नव्हे, कारण तो इतरत्र तसे करत नाही. ती घसरणही नव्हे, कारण पदात ते पुन्हा पुन्हा आहे आणि दुसऱ्यांदा तपासून समासात लिहितानाही त्याने तसेच लिहिले. श्लोकात नाही, म्हणजे प्रत्येक परभाषेला तो असे करतो असेही नाही. मग हा ‘आ’ फक्त कानडीसाठी आहे. इथवर माझा तर्क टिकला.

पण ऐकून लिहिणारा कान या लेखनिकाचा होता का? इथे सुटलेला मजकूर बोलतो. ‘कंडेनिंदु’ आणि ‘उंडेनिंदु’ या दोन्हींचा शेवट ‘निंदु’. समोरच्या पोथीवरून बघून लिहिणारा माणूस पहिला ‘निंदु’ लिहून मान वर करतो, पुन्हा पोथीकडे बघतो आणि त्याचा डोळा दुसऱ्या ‘निंदु’वर पडतो. मधला मजकूर गळतो. खातेवहीत एकाखाली एक सारख्या रकमा असल्या की बेरजेत एक ओळ गळते, तसेच हे. पोथ्या उतरवताना ही घसरण सर्रास होते. याचा अर्थ आमचा लेखनिक बहुधा बघून लिहीत होता. तेव्हा ‘जनरा’ त्याच्या समोरच्या पोथीतच होता. त्याने तो जसा होता तसा उतरवला, आणि ‘येक’सारखी स्वतःची रीत हाताशी असूनही परक्या भाषेच्या अक्षराला हात लावला नाही. ज्या कानाने हा ‘आ’ ऐकला, तो या पोथीच्या मागच्या कुठल्यातरी पोथीतला.

‘बहुधा’ हा शब्द मी सोडत नाही. एक जण वाचतो आणि दुसरा लिहितो, अशीही पोथी उतरवत असत. तिथे वाचणाऱ्याचा डोळा चुकला तरी हाच मजकूर गळेल. शेवटचे पान शाबूत असते, तर कदाचित याचा उलगडा झाला असता. शिवाय ही एकच पोथी. दुसऱ्या घराण्याच्या पोथीत ‘जनर’ सापडला, तर हिशेब पुन्हा मांडावा लागेल.

मग अर्थ कसा लिहिला

ग्रंथकर्ते सरस्वती गंगाधर हे सायंदेवांच्याच वंशातले. सायंदेव, नागनाथ, देवराव, गंगाधर आणि मग सरस्वती, अशी परंपरा ग्रंथातच दिली आहे. घराणे कडगंचीचे, आजच्या कलबुर्गी जिल्ह्यातले, म्हणजे कानडी मुलखातले. आपल्याला मराठी नीट येत नाही असे ग्रंथकर्ते नम्रपणे सांगतात. ज्यांच्या घरात कानडी, त्यांनी स्वतः ‘जनर’चे ‘जनरा’ केले असेल असे वाटत नाही. पद घरातून बाहेर पडून मराठी हातांत आल्यावर हा ‘आ’ आला असावा.

म्हणून मी अर्थ लिहिताना ‘भक्तजनांचा’ असाच लिहिला, शेवटच्या ‘आ’चा प्रश्नार्थक किंवा दुसरा काही अर्थ काढला नाही. ‘कंडेनिंदु’चा अर्थ ‘आज मी पाहिले’ असा दिला. चंद्र आणि निंदा दोघांनाही बाहेर ठेवले. आणि पदाचे मूळ शब्द मात्र पोथीत आहेत तसेच छापायला सांगितले, ‘जनरा’सकट. मंदिरातल्या एका वडीलधाऱ्यांनी विचारले, ‘चूक कळली तर दुरुस्त का करत नाही?’ त्यांना म्हटले, ‘काका, ती चूक नाही. आपल्यासारख्याच कुणा मराठी माणसाने कानडी स्वर गिळला जाऊ नये म्हणून केलेली ती सोय आहे. तो आ काढला, तर सप्ताहात आपण सगळे जनर् असं म्हणू आणि मूळ उच्चारापासून आणखी लांब जाऊ.’ त्यांना ते पटले. म्हणताना तो ‘आ’ फार ताणू नये, एवढेच आम्ही ठरवले. ‘र’ पुरा उमटला की झाले.

ज्यांच्या घरी हाताने लिहिलेली पोथी आहे, त्यांना या पाठातून घेण्यासारखे एवढेच, की तिचे छायाचित्र काढताना समास कापू नये. अक्षरावर पिवळी हरताळ लावलेली असेल तर ती खरवडू नये, कारण लेखनिकाने काय लिहून काय बदलले ते तिच्याखाली असते. पहिले आणि शेवटचे पान आधी टिपावे, कारण सर्वांत आधी फाटतात तीच. आणि कुणी अभ्यासक पत्र लिहून ‘या जागी कोणते अक्षर आहे’ असे विचारील, तर पोथीत जे दिसते तेच कळवावे.